न सुटलेला उपास

दुपारच्या पंगतीला मी कायम उभी असते. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या मराठी शाळेत बाकीचे शिक्षक त्या वेळी स्टाफरूममध्ये पंखा लावून डबे उघडतात. मी आधी पोरांमध्ये जाते आणि मग माझा डबा उघडते. यात मोठेपणा काही नाही, मला सवय आहे. पोर कशी जेवते यावरून तिच्या घरी काय चाललंय ते मला अर्धंअधिक कळतं. कुणी भात चिवडतो, त्याच्या घरी रात्री भांडण झालेलं असतं. कुणी तिसऱ्यांदा खिचडी मागतो, त्याची आई सकाळी कामाला लवकर गेलेली असते. पोरं मला तिखट बाई म्हणतात, पाठीमागे अर्थातच. म्हणू देत. तिखट आहेच मी.

आठवीच्या वर्गात तेव्हा एक मुलगी होती, तेरा वर्षांची. पंगतीत वाढायचं काम तिच्याकडे होतं. तसं कुणी दिलं नव्हतं, तिनं आपण होऊन घेतलं होतं. एका हातात बादली, एका हातात डाव घेऊन ती रांगेतून फिरायची आणि आजीबाईसारखा आग्रह करायची. अरे घे ना अजून, एवढंसं काय घेतोस, शाक घे, ताटात टाकू नकोस. लहान पोरं तिच्यावर खूश. आमचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, येताजाता म्हणायचे की अशी सेवाभावी मुलगी शाळेला लाभली. मी बघत होते ते वेगळंच होतं. सगळ्यांना वाढून झालं की बादली मोरीपाशी जायची, डाव धुतला जायचा, ताटं मोजून रचली जायची. तिचं ताट मात्र कधी मांडलंच जायचं नाही. विचारलं की सांगायची, बाई, माझा आज उपास आहे.

उपासाची गोष्ट आषाढात सुरू झाली होती. सुरतेत गुजराती घरांतल्या कुमारिका आषाढात पाच दिवस गौरीव्रत करतात. मोळाकत म्हणतात त्याला. कुंडीत गव्हाचे जवारे पेरायचे, सकाळी पूजा करायची आणि पाचही दिवस मिठाचा कणही तोंडात घालायचा नाही. शेवटच्या रात्री जागरण, आणि दुसऱ्या दिवशी मीठ खाऊन उपास सोडायचा. आमच्या खानदेशी पोरी शेजारच्या मुलींचं बघून हे व्रत धरतात. नटायला मिळतं, मेंदी काढायला मिळते, पाच दिवस घरात लाड होतात. मी काही या व्रताच्या विरुद्ध नाही. माझ्या स्वतःच्या लेकीनं केलंय. चौथ्या दिवशी ती फ्रीजपाशी उभी राहून वेफरच्या पुड्याकडे बघत होती आणि उद्या कधी उजाडतो म्हणून मला भंडावून सोडत होती. निरोगी पोर उपास करते ती अशी करते.

या मुलीचं व्रत संपलं, पण उपास काही संपला नाही. मोळाकतात तिनं मीठ सोडलं ते सोडलंच. श्रावण लागला तसा सोमवार आला, मग शुक्रवार आला. गणपतीत तिनं मोदक सगळ्या गल्लीसाठी वळले आणि सांगितलं की मी गोड वर्ज्य केलंय. मग तळलेलं गेलं, भात गेला, तूप गेलं. दरवेळी एक देव पुढे उभा होता, म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही. उलट बिल्डिंगमध्ये तिचं नाव झालं. शेजारणी तिच्या आईला म्हणायच्या, आमच्या पोरींना पाच दिवस निघत नाहीत, तुझी बघ कशी तपस्वी आहे. परगावाहून आलेल्या ज्या बाईला दहा वर्षं कुणी खुर्ची दिली नव्हती, तिला तिच्या लेकीमुळे मान मिळायला लागला. तिला काय सुचणार? माझी लेक असती तर मीही छाती फुगवून फिरले असते.

मला वेगळं सुचलं कारण मला कुणीतरी शिकवलं होतं. वर्षापूर्वी किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचं एक प्रशिक्षण झालं, त्याला प्रत्येक शाळेतून शिक्षक पाठवायचे होते. कुणी जायला तयार नव्हतं म्हणून आचार्यांनी मला पाठवलं. तिथं बालरोगाच्या एका डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. खाणं तोडणारं मूल हाडाचा सापळा झाल्यावर ओळखू येतं असं समजू नका, तोवर फार उशीर झालेला असतो. मूल दिसायला कसं आहे ते नका बघू, बदललंय किती ते बघा. आधी जे खायचं ते एकेक करून सोडतंय का, चारचौघांत जेवायचं टाळतंय का, स्वतः न खाता दुसऱ्यांना खाऊ घालतंय का. सतत हालचाल करतंय का, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जातंय का, ढगळ कपड्यांत लपतंय का, मित्रमैत्रिणींपासून तुटलंय का. मुलगेही यातून सुटत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं होतं. त्यांचं बऱ्याचदा व्यायाम आणि स्नायूंच्या वेडातून सुरू होतं.

मग मी तिच्यावर डोळा ठेवला. सप्टेंबरचा उकाडा, सुरतेत अंगाला कपडा चिकटतो असे दिवस, आणि ही पोर युनिफॉर्मवर बापाचा फुल बाह्यांचा शर्ट घालून बसायची. पंख्याखालची जागा बदलून मागायची. सुट्टीत जिन्यावरून वर जायची, खाली यायची, परत वर जायची. वर्गात बाकावर टेकायची नाही, वाचायला सांगितलं तर उभ्यानं वाचायची आणि वाचून झाल्यावरही उभीच. डाव्या मनगटाला उजव्या हाताचा अंगठा आणि बोट वेढून बघायची तिला चाळाच लागला होता. जी मैत्रीण पहिलीपासून तिच्या शेजारी बसायची, तिच्याशी अबोला धरला होता. गणितात एक मार्क गेला तर इतकी रडली की मीच घाबरले. आणि तोंडात सदा खाण्याच्या गोष्टी. मोबाइलवर केक कसा करतात, पनीर कसं करतात, सगळं तिला पाठ. घरी धाकट्या भावंडांना करून घालायची म्हणे. स्वतः ग्लासावर ग्लास पाणी प्यायची.

एक दिवस चित्रकलेचे सर कौतुकानं तिला म्हणाले, वा, छान बारीक झालीस की तू. पोरीचा चेहरा असा उजळला की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरांना बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. बिचाऱ्यांना कळेना त्यांचं काय चुकलं. मी त्यांना सांगितलं की तुम्ही आत्ता तिच्या उपाशी राहण्याला बक्षीस दिलंत. पोरींच्या अंगावर बोलायचंच नाही, जाड नाही, बारीक नाही, चांगलं नाही, वाईट नाही. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये ते माझ्यापासून दोन खुर्च्या लांब बसतात.

मी आचार्यांकडे गेले. ते भले माणूस आहेत, पण सावधही तितकेच. म्हणाले, बाई, उपास हा घरचा विषय, देवधर्माचा. आपण शाळेनं त्यात पडलो तर उद्या पालक दारात येतील. आणि तशी ती कुठं बारीक आहे? तिच्याच वर्गात हिच्याहून काटकुळ्या पोरी आहेत. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या शाळेत जन्मापासून काटकुळी पोरं खंडीभर आहेत. ही गेल्या वर्षी चांगली गुबगुबीत होती, त्यामुळे आता ती चारचौघींसारखी दिसत होती. म्हणूनच कुणाला काही खटकत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, सर, बाकीच्या तशाच आहेत, ही तशी होत चाललीय. वाढीच्या वयातल्या पोरीचं वजन वाढायला हवं, हिचं उतरतंय, ते पण झपाट्यानं. मी डॉक्टर नाही, म्हणूनच तिला डॉक्टरकडे न्यायचंय. ते म्हणाले, पालकांशी तुम्ही बोला, पण गोडीनं बोला. गोडीनं या शब्दावर त्यांनी बराच जोर दिला.

आधी मी मुलीशी बोलले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, तिथं तिला वह्या लावायला बोलावलं. वजनाचा विषय मी काढलाच नाही, खात का नाहीस असंही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की हल्ली तुला थंडी वाजते, जिन्यावर कठडा धरून थांबतेस, मैत्रिणीशी बोलत नाहीस, मला तुझी काळजी वाटते. तिनं लगेच सांगितलं, मला काही झालं नाही, मी बरी आहे. हे उत्तर येणार हे मला माहीत होतं. या आजारात मूल स्वतः तक्रार घेऊन येत नाही. मी वाद घातला नाही. तू माझ्यावर रागावलीस तरी चालेल, मी तुझ्या माणसांशी बोलणार आहे, एवढं तिला सांगून ठेवलं. पाठीमागून केलं असं तिला वाटायला नको होतं. ती रागावली. वह्या तशाच टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी पंगतीत खाली वाकून वाढताना ती सरळ झाली आणि तिनं भिंतीला हात टेकला. डोळे मिटले, क्षणभर तशीच थांबली, मग जणू काही झालंच नाही अशी पुढच्या ताटाकडे वळली. मी जाऊन तिचा हात धरला. गरम खिचडीची बादली धरलेला हात बर्फासारखा होता, नखं निळसर, आणि हातावर बारीक लव दाट उगवलेली. बादली मी तिच्याकडून काढून घेतली आणि ठरवलं की आज संध्याकाळी घरी जायचंच.

त्यांची खोली पहिल्या मजल्यावर. वडील डाईंग मिलमध्ये पाळीनं कामाला, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. मी गेले तेव्हा साडी खाटेवर पसरलेली होती आणि आईच्या बोटांना गोंद लागलेला होता. तिनं लगबगीनं साडी गोळा केली, चहा टाकला आणि मी काही बोलायच्या आत लेकीचं कौतुक सांगायला लागली. नवरात्र तोंडावर आलं होतं. बाई, पोरगी यंदा नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणार आहे, म्हणाली. देवीपुढे बोललीय ती. खाली गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पूजेला तिलाच बसवणार आहेत.

नऊ दिवस पाण्यावर. मला गोडीनं बोलायचं होतं, पण आवाज चढायला लागला होता. तो कसाबसा आवरला. मुलगी दाराच्या चौकटीत उभी होती, नेहमीसारखी उभीच. मी तिला माझ्या लेकीचा वेफरचा किस्सा सांगितला. आई हसली, तीही थोडीशी हसली. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नऊ दिवस झाल्यावर उपास सोडशील, तेव्हा पहिल्यांदा काय खाशील गं?”

आई कौतुकानं म्हणाली, सांग ना बाईंना, पुरणपोळी सांग, तुला आवडते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरणपोळीचं नाव ऐकून एखादं पोर घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“सुटूच नये, बाई,” ती म्हणाली. “उपास सुटूच नये असं वाटतं मला.”

आईच्या हातातला कप तसाच राहिला. मी काही स्पष्ट करून सांगितलं नाही, गरजच पडली नाही. त्या बाईनं आयुष्यभर उपास केलेत. सोडायच्या वेळेला भुकेल्या माणसाला काय वाटतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कप खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं की उद्या किती वाजता निघायचं.

सकाळी आम्ही जवळच्या अर्बन हेल्थ सेंटरला गेलो. वडील रात्रपाळी करून परस्पर तिथं आले, डोळे लाल, हाताला रंगाचे डाग. डॉक्टर गुजराती, तरुण, पण घाईतल्या नाहीत. त्यांनी आधी मुलीला आडवं झोपवून नाडी आणि रक्तदाब बघितला, मग उभं करून पुन्हा बघितला. नाडी आणखी एकदा मोजली, पूर्ण मिनिट. तापमान घेतलं. वजन करताना तिची पाठ काट्याकडे केली आणि आकडा मोठ्यानं न बोलता लिहून घेतला. मग आम्हा बाकीच्यांना बाहेर पाठवून मुलीशी एकटीशी बोलल्या. उलट्या काढतेस का, जुलाबाच्या गोळ्या घेतेस का, जीव द्यावासा वाटतो का, हे सगळं त्यांनी सरळ विचारलं होतं, असं मला नंतर कळलं. विचारल्यानं पोरांच्या डोक्यात भलतं येत नाही, न विचारल्यानं मात्र हातचं सुटतं. तिचं उत्तर तिन्हीला नाही होतं.

मग त्यांनी आईला आत घेतलं, सोबत मला. पाळी नियमित येते का, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, गेल्या दिवाळीत सुरू झाली, दर महिन्याला येत होती, मोळाकतपासून आली नाही. आणि हे सांगताना ती चक्क समाधानानं सांगत होती. व्रताच्या मध्ये अडचण येऊ नये म्हणून देवीनंच थांबवली, असं तिला वाटत होतं. शेजारणींनाही तसंच वाटत होतं. एकीनं तर पोरीच्या पायावर डोकं ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ताई, शरीराकडे चालवायला काही उरलं नाही की ते सगळ्यात आधी पाळीसारखं काम बंद करतं, त्या म्हणाल्या. तुमच्या मुलीच्या शरीरानं दिवे घालवायला सुरुवात केलीय. नाडी पन्नासच्या खाली आहे, उभी राहिली की रक्तदाब पडतो, अंग थंड आहे. हृदयावर परिणाम होतोय. एवढी लक्षणं नसती आणि नुसतं खाणं तुटलेलं असतं, तर मी तिला या आठवड्यात बालरोग आणि मानसिक आरोग्य, दोन्हीकडे पाठवलं असतं. पण ही आजच मोठ्या हॉस्पिटलला भरती व्हायला हवी. उद्या नाही, नवरात्रानंतर तर नाहीच.

वडिलांना आत बोलावलं. त्यांना वाटत होतं की अशक्तपणा आहे, दोन बाटल्या चढवल्या की झालं. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, ते लगेच बाटली लावतात. नाहीतर गावी नेतो, म्हणाले, आत्या भरपूर खाऊ घालेल, नजरही काढेल. डॉक्टरांनी त्यांना तोडलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं की इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न किंवा ग्लुकोज गेलं तर रक्तातले क्षार कोसळतात, हृदय बंद पडू शकतं. खायला तर घालायचंच आहे, पण रक्त तपासत, बेतानं वाढवत. ते घरी होत नाही, बाटलीनं होत नाही. मग मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांचं नाव निघालं आणि वडील उठून उभे राहिले. माझी पोरगी वेडी नाही, म्हणाले.

इथं मी तोंड उघडलं. गोडीनं वगैरे सगळं खुंटीला टांगलं. म्हटलं, भाऊ, मशीनमध्ये पोराचं बोट सापडलं तर तुम्ही आधी मशीन बंद करता की लोक काय म्हणतील याचा विचार करता? वेडी कोण म्हणतंय तिला? वर्गात पहिली येते ती. तिला जेवणाची भीती वाटते, तुम्हाआम्हाला सापाची वाटते तशी. ती भीती काढायला जो डॉक्टर असतो त्याच्याकडे पाठवताहेत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हे पोरीला उचलून घरी नेतात.

पण खरी अडचण वडिलांची नव्हतीच. मुलगी स्वतः दारातून ऐकत होती. ती आत आली आणि आईला घट्ट धरून म्हणाली, मी देवीला बोललेय, माझं व्रत मोडलं तर घरावर काहीतरी येईल. ही भीती आईच्या हाडामांसातली होती, आणि पोरीला ते बरोबर ठाऊक होतं. डॉक्टरांकडे यावर औषध नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पोरीच्या आजाराला लपायला ही शेवटची जागा होती, आणि ती देवघरात होती.

आईनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. घरात ती लोकं अहिराणी बोलतात, पण माझ्यासमोर ती कायम शाळेतली मराठी बोलायची. त्या वेळी नाही बोलली.

“तुनं व्रत आते मनं शे,” ती म्हणाली. “देवीले मी बोलसू. मी देसू ते तू खाशी.”

तुझं व्रत आता माझं. देवीशी मी बोलेन, मी देईन ते तू खाशील. लेकरानं बोललेलं व्रत आईनं अंगावर घ्यायची रीत आमच्याकडे आहे, पोर आजारी पडलं की घेतातच. पण ती रीत त्या क्षणी तिला सुचली, हे तिचं तिनं केलं. मला रडू आलं, आणि मी तिखट बाई असल्यामुळे खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. वडील रिक्षा आणायला गेले.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात तिला ठेवलं. हृदयाचा आलेख काढला, रोज रक्त तपासत खाणं हळूहळू वाढवलं. तिथल्या मानसिक आरोग्याच्या बाईंनी आईवडिलांना जे सांगितलं ते आईनं आधीच सांगून टाकलं होतं. आजाराला हे ठरवू देऊ नका, काही दिवस काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे तुम्ही ठरवा. भांडू नका, विनवण्या करू नका, लाजवू नका, पण ताट संपेपर्यंत हलू नका. मी रविवारी भेटायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत पोरगी आईवर ओरडली, दुधाचा पेला ढकलला, माझं वाटोळं केलंस म्हणाली. टिकल्या चिकटवणारी ती बाई स्टुलावरून तसूभर हलली नाही. दूध पुसलं आणि दुसरा पेला भरला.

मला जिन्यात गाठून आईनं विचारलं, बाई, हे माझ्यामुळे झालं का? मी तिला वॉर्डमधल्या डॉक्टरांचंच उत्तर दिलं की हा आजार कुणा एकामुळे होत नाही, आणि बरं करायला मात्र तुम्हीच लागणार आहात. पोरीनं पुढे समुपदेशनात थोडंथोडं सांगितलं. आदल्या नवरात्रात मावसबहिणीची चणियाचोळी घातली होती, मागचे हूक लागेनात. बायकांनी हसत हसत सेफ्टीपिना लावल्या आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. सगळे हसले होते, तीही हसली होती.

ती दिवाळीनंतर शाळेत आली. बरी झाली असं मी म्हणणार नाही. हा आजार एका सुट्टीत जात नाही, अजून महिन्याला दोन फेऱ्या हॉस्पिटलच्या असतात आणि एखादा आठवडा वाईट जातो. पण आम्ही आमच्या बाजूनं कंबर कसली. वाढायचं काम बंद, खेळाचा तास डॉक्टर म्हणतील तेव्हा, जिन्याच्या फेऱ्या बंद. आरोग्य तपासणीची टीम आली तेव्हा पोरांची वजनं वर्गासमोर ओरडून सांगायची जुनी पद्धत मी त्यांना तिथल्या तिथं बंद करायला लावली. आचार्य माझ्या बाजूनं उभे राहिले. चित्रकलेच्या सरांनी वजनकाट्यापुढे पडदा लावून दिला.

आणि पंगतीत माझा डबा आता तिच्या शेजारी उघडतो. मी तिच्या ताटाकडे बघत नाही. पोरांच्या तक्रारी, पतंग, कुणी कुणाची पेन्सिल चोरली, असलं काहीबाही बोलत राहते. पहिले दिवस ती शीत शीत वेचून खायची, डोळे खाली, आणि घास गिळताना मान ताठ व्हायची. तिची ती जुनी मैत्रीण एक दिवस काही न विचारता समोर येऊन बसली. हिनंही काही न विचारता तिला बसू दिलं.

उत्तरायण, म्हणजे आपल्या संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आलं होतं. पोरांचं लक्ष जेवणापेक्षा आभाळात जास्त होतं. मी माझी भाकरी मोडत होते, तेवढ्यात ती थांबली. घास तोंडात होता, कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता ताट सरकवणार.

तिनं घास गिळला आणि वाढणाऱ्या पोरीला हाक मारली.

“आज खिचडीत मीठ कमी आहे गं,” ती म्हणाली. “जरा मीठ आण ना.”